ध्रुवपद तेच, शेवटची ओळ वेगळी: पुनरुक्तीतून अर्थ कसा वाढतो?

गाण्यांबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते: "तेच तेच किती वेळा म्हणायचं?" कडवं संपलं की पुन्हा त्याच चार ओळी, पुढचं कडवं संपलं की पुन्हा त्याच. कविता वाचणारे तर परत आलेल्या ओळींवरून सरळ पुढे सरकतात, कारण त्या वाचून झालेल्या असतात. नव्याने गीत लिहिणाऱ्यांना उलटा प्रश्न पडतो. ध्रुवपद काढलं तर गाणं विस्कटतं आणि ठेवलं तर ते अडल्यासारखं वाटतं. मग करायचं काय?

या प्रश्नाचं एक जुनं आणि अगदी व्यवहारी उत्तर आहे. ध्रुवपद तसंच ठेवायचं, पण दर वेळी त्याची शेवटची ओळ बदलायची. हे वाचायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात त्या एका ओळीवर सगळ्या गाण्याचा अर्थ फिरू शकतो. तो कसा फिरतो, हे एक छोटं गाणं उलगडून पाहू.

आधी दोन शब्द

गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग म्हणजे ध्रुवपद. दोन ध्रुवपदांच्या मधे येणारा, दर वेळी नवा असणारा भाग म्हणजे कडवं. कडवं गोष्ट पुढे नेतं आणि ध्रुवपद आपल्याला मूळ जागी परत आणतं. एवढं कळलं की पुढचं सगळं समजेल.

परत येण्याचा उपयोग काय?

ध्रुवपद पहिल्यांदा येतं तेव्हा आपण ते ऐकतो. दुसऱ्यांदा येतं तेव्हा ओळखतो. तिसऱ्यांदा मात्र आपण ऐकणं जवळजवळ सोडून देतो, कारण कान गाणाऱ्याच्या पुढे धावत असतो. पहिली ओळ सुरू झाली की चौथी आपल्या मनात वाजून गेलेली असते.

तक्रार करणाऱ्याला खटकतं ते हेच, आणि लिहिणाऱ्याचं भांडवलही हेच. ऐकणाऱ्याच्या मनात एक ओळ आधीच तयार आहे. तिच्या जागी त्याच लयीची, त्याच यमकाची, पण वेगळी ओळ आली तर त्याला एकाच क्षणी दोन ओळी ऐकू येतात: एक अपेक्षेतली आणि एक प्रत्यक्षातली. दोघींमधलं अंतर त्याला कुणी सांगावं लागत नाही, ते त्याचं त्यालाच जाणवतं. साध्या कडव्यात हे घडत नाही, कारण तिथे मनात आधीपासून काहीच तयार नसतं.

दाराच्या चौकटीवर मुलाची उंची खुणेने नोंदवतात तसं हे आहे. मूल किती वाढलं ते दिसतं, कारण चौकट हललेली नसते. ध्रुवपदाच्या न बदलणाऱ्या ओळी म्हणजे ती चौकट आणि शेवटची ओळ म्हणजे नवी खूण. चौकटच दर वेळी नवी घेतली तर खुणा कितीही केल्या तरी वाढ कळणार नाही.

एक गाणं घेऊ

हे गाणं मी या लेखापुरतं रचलं आहे. छंद अष्टाक्षरी, म्हणजे दर ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. घर सोडून कामासाठी दूर गेलेला मुलगा आणि रोज रात्री फोन करणारी आई, एवढीच गोष्ट आहे. कडवी मुलाची, ध्रुवपद आईचं.

नवी खोली, नवा पंखा,
भिंतीवर नाही चित्र;
फोन वाजतो घरून,
गप्पा मारतात मित्र.

*जेवलास का वेळेत?*
*झोप झाली का पुरेशी?*
*इथे सारं ठीक आहे,*
*बाबा आहेत दाराशी.*

काम वाढले, बढती,
रात्र सरते घाईत;
फोन कानाला लावून
डोळे माझे फायलीत.

*जेवलास का वेळेत?*
*झोप झाली का पुरेशी?*
*इथे सारं ठीक आहे,*
*बाबा आता खिडकीशी.*

येतो म्हणतो, राहते
तिकीट काढणे पुन्हा;
आवाज तिचा वाटतो
थकलेला, जरा जुना.

*जेवलास का वेळेत?*
*झोप झाली का पुरेशी?*
*इथे सारं ठीक आहे,*
*औषध आहे उशाशी.*

न कळवता पोचलो,
दार होते उघडेच;
फोन खाली ठेवलेला,
आत शब्द तेच तेच.

*जेवलास का वेळेत?*
*झोप झाली का पुरेशी?*
*इथे सारं ठीक आहे,*
*बोलत होते स्वतःशी.*

बदललं काय?

आईची पहिली तीन वाक्यं चारही वेळा अक्षरशः तीच आहेत. घरून येणाऱ्या फोनवर ती तशीच असतात, त्यामुळे त्यांची पुनरुक्ती कृत्रिम वाटत नाही. ही पहिली अट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या ओळी परत येणार त्या परत येण्याजोग्या हव्यात. माणूस जे खरोखरच पुन्हा पुन्हा बोलतो, म्हणजे विचारपूस, निरोप, बजावणी, दिलासा, ते ध्रुवपदात सहज बसतं. एखादं चमकदार वर्णन चौथ्यांदा ऐकवत नाही.

आता फक्त बदललेल्या ओळी पाहा. पहिल्यांदा बाबा दाराशी आहेत. म्हणजे बाहेर निघालेले असतील किंवा नुकतेच आलेले, हिंडते-फिरते. दुसऱ्यांदा ते खिडकीशी आहेत, आणि 'आता' हा छोटा शब्द सुचवतो की काहीतरी आधीपेक्षा निराळं आहे. तिसऱ्या ओळीत बाबाच नाहीत, औषध आहे. ते कुणाच्या उशाशी, हे आई सांगत नाही. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून अंथरुणापर्यंत एक माणूस आत आत सरकत गेला, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर आधीची ओळ होती "इथे सारं ठीक आहे".

इथे खरी गंमत कळते. बदलली शेवटची ओळ, पण अर्थ बदलला तिच्या आधीच्या ओळीचा. पहिल्या वेळी 'ठीक आहे' ही बातमी होती. दुसऱ्या वेळी ती सवय झाली. तिसऱ्या वेळी ते झाकणं आहे. चौथ्या वेळी, फोन खाली ठेवलेला असताना, ती स्वतःलाच समजावते आहे, आणि कदाचित आधीही ती हे वाक्य स्वतःसाठीच बोलत होती. शब्द एकही बदललेला नाही, पण ओळ चार वेगळ्या ठिकाणी उभी राहिली आहे.

शेवटच्या ध्रुवपदात आणखी एक गोष्ट होते. पहिले तीन वेळा आपण आईला फोनमधून ऐकलं, चौथ्यांदा प्रत्यक्ष. 'जेवलास का' हा प्रश्न विचारला जातोय तो मुलगा समोर उभा आहे आणि तिला ते माहीत नाही. तिसरी ओळ होईपर्यंत ती एकटी आहे. मग त्याची चाहूल लागते आणि ती जरा ओशाळून सांगते, "बोलत होते स्वतःशी." बाबांचं काय झालं हे गाण्यात कुठेच नाही. ते सांगायची गरज उरलेली नाही.

शेवटचीच ओळ का? पहिली का नको?

पहिली ओळ बदलली तर ऐकणाऱ्याला ध्रुवपद आल्याचं कळतच नाही. त्याला वाटतं, नवं कडवं सुरू झालं. अपेक्षाच तयार होत नाही, मग ती मोडणार कशी? मधली ओळ बदलली तर बदल जाणवतो, पण पुढची ओळखीची ओळ लगेच येऊन त्यावर पांघरूण घालते. शेवटच्या ओळीनंतर मात्र गाणं थांबतं. तिथे वाद्यं वाजतात किंवा कागदावर कोरी जागा असते. बदललेली ओळ त्या शांततेत एकटी राहते आणि पुढचं कडवं येईपर्यंत मनात घोळते.

यमकाचाही यात मोठा हात आहे. 'पुरेशी' ऐकलं की कान 'शी'ची वाट पाहू लागतो. नवी ओळ त्याच 'शी'वर येऊन थांबली की ती परकी वाटत नाही, या घरातलीच वाटते. म्हणूनच बदलती ओळ लिहिणाऱ्याने ध्रुवपदाचं यमक आधी तपासून घ्यावं. मी 'शी' घेतला, कारण तो प्रत्यय असंख्य नामांना लागतो: दाराशी, उशाशी, उराशी, भिंतीशी, कुणाशी, तुझ्याशी, स्वतःशी. जिथे दोन-तीनच शब्द जुळतात असं यमक घेतलं तर तिसऱ्या वेळेपर्यंत आपण अर्थाऐवजी शब्दाच्या मागे धावू लागतो. काटेकोर वाचक म्हणेल की 'पुरेशी' आणि 'दाराशी' यांचं यमक सैल आहे, नुसता शेवटचा 'शी' जुळतो. ते बरोबर आहे. फोनवरच्या बोलण्याला तो सैलपणा शोभतो म्हणून मी तो ठेवला. ठाशीव चालीच्या गीतात मी 'आशी'पर्यंत जुळणारेच शब्द घेतले असते.

एकही शब्द न बदलता अर्थ बदलता येत नाही का?

येतो, आणि ती याची सख्खी बहीण असलेली पद्धत आहे. तिथे ध्रुवपद हलत नाही, कडवी त्याच्याभोवती परिस्थिती बदलतात. एडगर अॅलन पो या अमेरिकन कवीने 1845 साली प्रसिद्ध झालेल्या 'द रेवन' या कवितेत दोन्ही गोष्टी एकत्र वापरल्या. कवितेत अठरा कडवी आहेत आणि प्रत्येकाचा शेवट एकाच ध्वनीवर होतो. सुरुवातीच्या कडव्यांत त्या ओळीचे शब्द थोडे थोडे बदलत राहतात. मग कावळ्यासारखा तो काळा पक्षी येतो आणि 'पुन्हा कधीच नाही' अशा अर्थाचा एकच शब्द बोलू लागतो. पक्ष्याचा शब्द तोच राहतो, प्रश्न बदलतात. आधी कवितेतला बोलणारा माणूस कुतूहलाने पक्ष्याचं नाव विचारतो. शेवटी शेवटी तो आपली मेलेली प्रिया पुन्हा भेटेल का, असं विचारतो. उत्तर काय येणार हे माहीत असूनही विचारतो.

पुढच्याच वर्षी पोने या कवितेच्या रचनेवर निबंध लिहिला. ध्रुवपदाचा ध्वनी एकसारखा ठेवायचा आणि त्यामागचा विचार सतत बदलत न्यायचा, असं आपण आधीच ठरवलं होतं, असं तो त्यात म्हणतो. लिहायला सुरुवात आपण कवितेच्या शेवटाकडच्या, सर्वांत तीव्र कडव्यापासून केली, असंही तो सांगतो. त्याने खरोखर इतक्या हिशेबाने लिहिलं का, याबद्दल अभ्यासक शंका घेतात, पण सल्ला म्हणून मला तो पटतो. आईच्या गाण्यातही आधी 'स्वतःशी' ठरवून मग मागे 'दाराशी'कडे गेलं, तर मधल्या पायऱ्या आपोआप दिसतात. उलट दिशेने, सुचेल तसं लिहीत गेलं तर शेवटची ओळ बहुधा तिसरीपेक्षा हलकी पडते.

मग कोणती पद्धत घ्यायची?

कडव्यांत ठळक घटना असतील तर ध्रुवपद न हलवणं चांगलं. घटनाच इतकं सांगतात की तेच शब्द वेगळे वाजतात. पण आपल्या गाण्यात मुलाची कडवी साधी आहेत: खोली, काम, राहून गेलेलं तिकीट. घरी काय चाललंय हे त्याला ठाऊकच नाही, त्यामुळे ते कडव्यात येऊ शकत नाही. ते फक्त आईच्या बोलण्यातून निसटू शकतं. म्हणून इथे ओळ बदलणं भाग होतं. ध्रुवपद न बदलता शेवट "चिंता नको रे जराशी" असा ठेवला असता, तर वृत्तात बसला असता, गोडही वाटला असता, आणि आपल्याला बाबांबद्दल काहीच कळलं नसतं.

हे फसतं कुठे?

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे शब्द बदलणं आणि अर्थ तिथेच ठेवणं. "चिंता नको रे जराशी", मग "काळजी नको जराशी", मग "नको घोर तू मनाशी". ओळी तीन, पण सांगणं एकच. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारा शब्द विसरला.

दुसरी चूक उलट टोकाची: बदललेल्या ओळीत बातमी देऊन टाकणं. चौथ्या वेळी "बाबा गेले देवापाशी" लिहिता आलं असतं. आठ अक्षरं बरोबर, यमकही पक्कं. पण मग "इथे सारं ठीक आहे" ही ओळ सरळ खोटी ठरते आणि आई खोटं बोलणारी. ऐकणाऱ्याने स्वतः जोडायचं ते आपणच जोडून दिलं की त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. बदललेली ओळ आधीच्या ओळींशी भांडायला नको, तिने त्यांच्याकडे पाहण्याची दिशा बदलावी.

आपली रचना जमली का हे पाहायला एक साधी कसोटी आहे. फक्त बदललेल्या ओळी एकाखाली एक लिहा आणि त्यांचा क्रम उलटा करा. काहीच बिघडलं नाही तर त्या ओळींना क्रमच नव्हता, त्या नुसत्या वेगवेगळ्या होत्या. आपल्या गाण्यातल्या पहिल्या तीन उलट्या करून पाहा: औषध उशाशी, मग बाबा खिडकीशी, मग बाबा दाराशी. ही एका माणसाच्या बरं होण्याची गोष्ट झाली! ओळी त्याच, पण गोष्ट उलटी. म्हणजे अर्थ ओळींच्या क्रमात साठलेला आहे.

लोकांना सोबत गाता येईल का?

हा आक्षेप रास्त आहे. समूहाने म्हणायचं गीत, प्रार्थना, अंगाई, संचलनगीत यांत ओळ बदलू नये असंच मी म्हणेन. तिथे सगळ्यांनी एकाच वेळी न अडखळता म्हणणं महत्त्वाचं असतं, आणि अंगाई ऐकणाऱ्याने तर बदल टिपूच नये, त्याने झोपावं. बाकी गाण्यांत मात्र अडचण कमी होते, कारण तीन ओळी सगळ्यांच्या पाठ असतात. त्या सगळ्यांनी म्हणायच्या आणि चौथी एकट्या गायकाने. श्रोत्यांचा आवाज थांबतो आणि नेमक्या त्याच ओळीला जागा मिळते. चौथीची चाल मात्र बदलू नये. शब्द आणि सूर दोन्ही एकदम बदलले तर ती वेगळीच ओळ वाटते.

छापताना आणि ध्वनिमुद्रण करताना

आपल्याकडे गाणं छापताना ध्रुवपद एकदा पूर्ण देतात, शेवटी '॥ध्रु॥' लिहितात आणि पुढे प्रत्येक कडव्यानंतर पहिल्या दोन-तीन शब्दांवर भागवतात. बदलत्या ओळीच्या गाण्यात ही सवय घातक आहे. "जेवलास का…" एवढंच छापलं तर वाचकाने तीनदा 'दाराशी'च वाचलं आणि सगळं गाणं हातचं गेलं. इथे ध्रुवपद दर वेळी पूर्ण छापून घ्यायचं, आणि मुद्रितं तपासताना शेवटच्या ओळी वेगळ्या वाचायच्या, कारण जुळणीत एक ध्रुवपद उचलून चार ठिकाणी चिकटवलं जाण्याची शक्यता बरीच असते.

स्टुडिओतही हेच घडतं. गायकाने ध्रुवपद एकदा नीट गायलं की तोच तुकडा पुढे जोडला जातो. फक्त शेवटची ओळ नवी गाऊन जोडली तरी काम भागतं असं वाटतं, पण भागत नाही. 'औषध आहे उशाशी'च्या आधीचं 'ठीक आहे' आणि 'दाराशी'च्या आधीचं 'ठीक आहे' एकाच श्वासाचं, एकाच हुरुपाचं ऐकू आलं, तर आईचा आवाज थकल्याचं कडव्यात कितीही सांगितलं तरी कान विश्वास ठेवत नाही. चारही ध्रुवपदं पहिल्या ओळीपासून पुन्हा गाऊन घ्यावी लागतात, आणि गायिकेला गाण्याआधी चौथी ओळ माहीत असावी लागते.